नाव खरवडलेला जुना रशियन कॅमेरा ओळखायचाय

"लेन्सवर हेलिओस-४४-२ लिहिलंय, वरच्या डायलवर बी आणि ३० ते ५०० एवढेच आकडे, पुढचं नाव मात्र खरवडलेलं. कुठलं मॉडेल?"

बहुतेक झेनिट-ई असणार. पण लेन्सच्या नावावर फार जाऊ नका, ती स्क्रूवाली आहे, कुणीही कधीही दुसऱ्या बॉडीवर चढवतं. आधी बॉडी समोरून बघा, लेन्सच्या वर खडबडीत काचेची आडवी पट्टी आहे का? तो प्रकाश मोजणारा सेलेनियम मीटर. पट्टी असेल आणि कॅमेरा डोळ्याला लावताना डावीकडे येणाऱ्या रिळ गुंडाळायच्या नॉबभोवती मीटरची आकडेवाली चकती असेल तर बहुतेक ई किंवा ईएम, आणि तीच बॉडी पण पट्टीच नसेल तर झेनिट-बी.

आता ई की ईएम, तर लेन्स फिरवून काढा, शटर चढवा आणि आत खाली बघत बटण दाबा, तिथली आडवी पट्टी पुढे सरकली तर ईएम, कारण त्यात फोटो काढताना अ‍ॅपर्चर आपोआप बंद होतं, तशी पट्टीच नसेल तर साधा ई.

सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा वर्ष असतं, म्हणजे ७६ने सुरू होत असेल तर १९७६. पण नंबर बॉडीचा बघा, लेन्सचा नको.