आधी हात बघा, मग पाय मोजा

प्रश्न: कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचमध्ये मला दोनदा ट्रॅव्हल दिलं. एकदा ले-अपला आणि एकदा उभ्याने पास घेऊन ड्राइव्ह करताना. गॅदर स्टेप तर मोजत नाहीत ना? पिव्हट पाय नक्की कुठला धरायचा? शिवाय एक डबल ड्रिबल दिलं, पण मी बॉल दोन हातांनी धरलाच नव्हता. रेफरी चुकले का?

उत्तर:

मॅच मी पाहिलेली नाही, त्यामुळे रेफरी चुकले की बरोबर होते हे सांगता येणार नाही. पण ते तुम्हाला स्वतःला तपासता येईल. मी जिल्हा पातळीवरच्या मॅचेसना शिटी वाजवतो आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक खेळाडूंचं एकच होतं: ते पाय मोजतात, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते ठरवत नाहीत. सुरुवात हातापासून होते. बॉल हातात कधी थांबला, हा एक क्षण पक्का केला की ट्रॅव्हल आणि डबल ड्रिबल दोन्हींचा निकाल त्यावरूनच लागतो.

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मॅचेस फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी खेळल्या जातात. त्या नियमांनुसार ड्रिबल संपण्याचे दोन प्रकार आहेत. एक, बॉलला दोन्ही हात एकाच वेळी लागले. दोन, बॉल एका किंवा दोन्ही हातांत स्थिरावला. दुसरा प्रकार नीट लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या शिटीचं उत्तर त्यातच आहे.

आता ले-अप. उजव्या बाजूने उजव्या हाताचा साधा ले-अप घेऊ. शेवटचा टप्पा मारला, बॉल वर आला आणि तो हातात घेतला त्या क्षणी डावा पाय जमिनीवर होता. हा डावा पाय म्हणजे शून्य, यालाच गॅदर स्टेप म्हणतात. त्यानंतर उजवा पडला, ते पहिलं पाऊल. पुन्हा डावा पडला, ते दुसरं. त्या डाव्यावरून उडी आणि बॉल बोर्डाला. बघणाऱ्याला तीन पाय दिसले, तरी हे शंभर टक्के कायदेशीर आहे.

आता फक्त एक गोष्ट बदलू. खेळाडू तोच, वेग तोच, उडीही डाव्यावरूनच, पण बॉल त्याने एक पाय आधी घेतला. बचाव करणारा जवळ आला म्हणून शेवटच्या टप्प्यानंतर तळवा बॉलच्या खाली गेला आणि बॉल छातीशी आला, तेव्हा उजवा पाय जमिनीवर होता. मग उजवा शून्य, डावा एक, उजवा दोन आणि उडीचा डावा तीन. मिळतात दोनच पावलं, म्हणून हे ट्रॅव्हल. खेळाडूला मात्र वाटत राहतं की आपण नेहमीचाच ले-अप मारला, कारण पायांची लय नेहमीचीच असते. फरक फक्त हाताने घाई केल्याचा असतो. मी देतो त्यातली ले-अपची बरीचशी ट्रॅव्हल्स या जातीची असतात. तुम्हालाही घाईत, अंगावर बचाव असताना दिलं असेल तर आधी हीच शंका घ्या. कुणाकडे मोबाइलवर व्हिडिओ असेल तर तो हळू चालवा आणि बॉल हातात थांबतो त्या फ्रेमला अडवा. तेव्हा जमिनीवर असलेला पाय शून्य धरा आणि तिथून पुढे मोजा. त्या फ्रेममध्ये दोन्ही पाय हवेत असतील तर शून्य मिळतच नाही. पुढे पडेल तो पाय सरळ एक नंबरचा.

गॅदर स्टेपबद्दल दोन पिढ्यांचे प्रशिक्षक दोन गोष्टी सांगतात, त्यालाही कारण आहे. फिबाने हा बदल ऑक्टोबर 2017 पासून लागू केला. त्याआधी चालत्या खेळाडूने एक पाय जमिनीवर असताना बॉल घेतला, तर दुसरा पाय टेकताच तो पहिला पाय पिव्हट, म्हणजे जागेवर रोवून ठेवायचा पाय, ठरायचा. त्या काळात शिकलेले सर आजही शून्याचा पायच पहिला धरतात. त्यांनी शिकवलेली पद्धत वापरलीत तर तुम्हाला कधी शिटी मिळणार नाही, तुम्ही फक्त एक पाऊल वाया घालवाल. उलट बाजूची गैरसमजूत जास्त महागात पडते: गॅदर स्टेप म्हणजे कधीही फुकट मिळणारं जास्तीचं पाऊल, असं पोरं धरून चालतात. ते मिळतं फक्त चालत्या खेळाडूला. धावता धावता पास घेताना किंवा ड्रिबल संपवताना. उभ्या खेळाडूला शून्य नाही.

आणि इथेच तुमचं दुसरं ट्रॅव्हल येतं.

उभ्याने, दोन्ही पाय जमिनीवर असताना पास घेतला, तर पिव्हट अजून ठरलेला नसतो. ज्या क्षणी एक पाय उचलाल त्या क्षणी दुसरा पिव्हट झाला. समजा तुम्ही उजव्या विंगवर उभे आहात. उजवा पाय पुढे टाकून बचाववाल्याला हूल दिलीत, म्हणजे डावा पिव्हट. आता त्याच उजव्या पायाने कितीही वेळा पुढे, मागे, बाजूला पाऊल टाका, डाव्याच्या चवड्यावर फिरा, टाच उचलली तरी चालेल. चवडा मात्र जागेवरून सरकता कामा नये. इथवर बहुतेकांना माहीत असतं. घात होतो तो त्यानंतरच्या क्षणी. ड्राइव्ह सुरू करायचा असेल तर डावा पाय जमिनीवरून सुटण्याआधी बॉल हातातून सुटलेला हवा. टप्पा पडलेला असण्याची गरज नाही, पण बॉल हाताबाहेर हवा. बचाववाला चकला की अंग आपोआप पुढे झेपावतं, डावा पाय ओढला जातो आणि बॉल अजून कमरेशीच असतो. तिथे शिटी वाजते.

रेफरी हे कसं ओळखतो? मी तरी अशा वेळी बॉलकडे फार बघत नाही, नजर पिव्हटच्या बुटावर ठेवतो. बूट उठला आणि बॉल खाली निघालेला नसला, तर निर्णय तिथेच झाला. तुम्हाला सराव करायचा असेल तर पहिलं पाऊल लांब टाका आणि बॉल त्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, पाऊल पडतानाच सोडा. पाऊल आधी आणि टप्पा मग, ही सवय मोडायला हवी.

पास किंवा शॉटसाठी नियम वेगळा आहे, तो यात मिसळू नका. तेव्हा पिव्हट पाय उचलून उडी मारता येते. फक्त कुठलाही पाय परत जमिनीला लागण्याआधी बॉल सुटायला हवा.

चालत असताना पिव्हट कसा ठरतो हेही यातूनच निघतं. शून्य सोडून जो पाय पहिला पडला तो पिव्हट. पहिल्या पावलालाच दोन्ही पाय एकदम टेकवून थांबलात, तर कुठलाही पाय पिव्हट करता येतो, म्हणून पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे असं थांबणं पसंत करतात. पण पहिलं पाऊल एका पायाने टाकून, त्यावरून उडी मारून दुसऱ्या पावलाला दोन्ही पायांवर उतरलात, तर मग पिव्हट उरत नाही. तिथून फक्त पास किंवा शॉट. त्यानंतर एक पाय उचलून पुन्हा टेकवला की ट्रॅव्हल. बाहेरून दोन्ही थांबे अगदी सारखे दिसतात, म्हणून यावर वादही खूप होतात.

धावत पास घेऊन लगेच ड्रिबल सुरू करणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. दुसरं पाऊल पडण्याआधी बॉल हातातून सुटला पाहिजे. म्हणजे शून्य, एक आणि टप्पा चालेल. ले-अपसाठी मिळणारी दोन पूर्ण पावलं ड्रिबल सुरू करताना मिळत नाहीत.

आता डबल ड्रिबल. तुम्ही दोन हात लावले नव्हते हे मान्य, पण तेवढं पुरत नाही. चकवण्यासाठी ड्रिबल मंद करताना हात बॉलच्या बाजूने खाली सरकतो, तळवा आकाशाकडे होतो आणि बॉल क्षणभर तळव्यावर बसतो. बॉल बसला तिथे ड्रिबल संपला. पुन्हा टप्पा मारलात की तो दुसरा ड्रिबल. मुलं याला कॅरी म्हणतात आणि रेफरीची खूणही वेगळी असते, हात अर्धा फिरवून दाखवतात. दोन हातांच्या डबल ड्रिबलला तळवे वरखाली करतात. पण नियम एकच आहे, बेकायदा ड्रिबल. ओळखायची खूण अशी, की ड्रिबल चालू असताना बॉल हाताला लागून लगेच दिशा बदलतो. तो हाताबरोबर प्रवास करायला लागला, म्हणजे हात जिथे जाईल तिथे बॉलही जाऊ लागला, तर तो थांबलेला आहे.

म्हणूनच ही दोन्ही उल्लंघनं मी एकत्र शिकवतो. एका हातावर बॉल बसवून दोन पावलं टाकायची, बचाववाला थांबला की शॉट आणि तो पुढे आला की पुन्हा टप्पा, असं दोन्ही करता येत नाही. बॉल बसला तो तुमचा गॅदर. त्यापुढे मोजलेली पावलं आहेत आणि टप्पा नाही. दोन्हींची शिक्षा सारखीच, बॉल समोरच्या संघाला, घटनास्थळाजवळच्या रेषेबाहेरून. फाऊल मोजला जात नाही.

ड्रिबल संपल्यावर नवा ड्रिबल कधी मिळतो, हे माहीत नसल्याने काही जण बॉल हातात असूनही घाबरून उभे राहतात. प्रतिस्पर्ध्याने हात मारून बॉल तुमच्या ताब्यातून घालवला आणि तो पुन्हा तुम्हालाच मिळाला, तर खुशाल ड्रिबल करा. तुमचा पास किंवा निसटलेला बॉल दुसऱ्या खेळाडूला लागून परत आला तरीही चालतं. नुसताच हातातून निसटला आणि कुणाला न लागता तुम्ही उचललात, तर उचलणं गुन्हा नाही, पण ड्रिबल आधीच संपलेला असेल तर पुन्हा टप्पा मारता येणार नाही. आणि खरोखर शॉट मारलात, तो ना रिंगला लागला ना बोर्डाला आणि तुम्हीच पुढे जाऊन पकडलात, तर फिबाच्या नियमात ते ट्रॅव्हल नाही. तिथून नवा ड्रिबलही सुरू करता येतो. एनबीएत मात्र यालाच ट्रॅव्हल देतात, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेल्या निर्णयाचा दाखला इथे रेफरीला देऊ नका.