दूध कट्टा: दहा सेकंदांची क्ले फिल्म, फ्रेम बाय फ्रेम

प्रश्न: क्लेची छोटी स्टॉप मोशन फिल्म करायची आहे. फ्रेमनुसार स्क्रिप्ट कशी लिहायची आणि सेटला काय सामान लागतं? कोल्हापुरात राहतो, मोबाईलवरच शूट करणार.

पहिली फिल्म दहा सेकंदांचीच करा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १२० फोटो होतात, आणि मला एका फोटोला सरासरी अडीच मिनिटं लागतात. म्हणजे पाच तास गेले.

गोष्ट आपल्या गंगावेशीतली घ्या. रात्रीचा दूध कट्टा, म्हैस बांधलेली, समोर पैलवान. तो धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करतो, मिशीला फेस लागतो, त्याला पत्ताच नाही. म्हैस जीभ लांब करून मिशी चाटून घेते. संवाद नाही, त्यामुळे ओठ जुळवायची कटकटही नाही.

माझ्या वहीत ती अशी उतरते:

१–८: सगळे स्थिर. फक्त ५ आणि ६ ला म्हशीचा कान हलतो. एवढंही हललं नाही तर बघणाऱ्याला वाटतं, व्हिडिओ अडकला.

९–१२: पैलवान किंचित मागे रेलतो. हात पुढे जायच्या आधी अंग मागे जायला हवं, तरच त्या हाताला वजन येतं.

१३–२४: हात ग्लासाकडे. एकूण ३६ मिलिमीटर, पण सारखे तुकडे नाहीत: १, २, ३, ४, ५, ५, ५, ४, ३, २, १, १. दर फोटोला ३ मिलिमीटर सरकवलात तर हात यंत्रासारखा जातो.

२५–४४: बोटं ग्लासाभोवती, मग ग्लास ओठांपर्यंत. ग्लास टाचणीने तळव्यात रोवलेला.

४५–६८: चार घोट, प्रत्येकी ६ फोटो. गळ्यावर वाटाण्याएवढी गोळी लावायची, दर फोटोला थोडी खाली सरकवायची, सहाव्याला छातीत पुसून टाकायची. लोक याच जागी हसतात, म्हणून इथे घाई नको.

६९–८४: ग्लास खाली. ओठांवर फेसाची पांढरी मिशी आधीच चिकटवलेली. ग्लास हटेपर्यंत ती झाकलेली असते.

८५–९६: म्हशीची जीभ. एकच जीभ ताणत बसू नका. आखूड, मध्यम, लांब अशा तीन आधीच करून ठेवा आणि बदला. परत येताना मिशी अर्धी, मग नाहीशी.

९७–१२०: दोघं एकमेकांकडे बघतात. ११० ते ११२ ला पैलवानाची पापणी लवते. बस्स.

आता सामान. कुंभार गल्लीत शाडू सहज मिळेल म्हणून मी पहिल्यांदा तीच घेतली. दिव्याखाली ती वाळत गेली आणि तिसाव्या फोटोला पैलवानाच्या कोपराला भेग. शाडू मूर्तीला उत्तम, इथे न वाळणारी तेलाची प्लॅस्टिसीन लागते, शाळेच्या स्टेशनरीवाल्याकडची. उन्हाळ्यात ती लोण्यासारखी होते, तेव्हा बाहुली पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

हाडांना अॅल्युमिनियमची तार, दुहेरी पिळलेली. छाती-पोटाच्या आत फॉइलचा गोळा, वर क्लेचा थर, नाहीतर पैलवान स्वतःच्या वजनाने वाकतो. म्हशीच्या पोटात थर्माकोल. पायाखाली सॉफ्टबोर्ड, म्हणजे पावलातून टाचणी खुपसता येते आणि बाहुली उभी राहते. कट्टा आणि भिंत जाड पुठ्ठ्याची, पोस्टर कलरने रंगवलेली. ग्लास क्लेचाच, वर फॉइल गुंडाळलेली. आत खरं दूध नको, तो अपारदर्शक आहे, कोणाला दिसत नाही. फेसाला पांढरी क्ले आणि वर थर्माकोलचे कुस्करलेले दाणे. ओले टिश्यू भरपूर ठेवा: म्हशीला हात लावून तसाच दुधाला लावलात की दूध राखाडी.

दोन एलईडी दिवे, समोर ट्रेसिंग पेपर, खिडकीला जाड चादर. बाहेरचा उजेड ढगांबरोबर बदलतो आणि फिल्म लुकलुकते. मोबाईल स्टँडला चिकटपट्टीने बांधा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. Stop Motion Studio अॅपमध्ये मागचा फोटो पुसट दिसतो, त्यावरून हात किती सरकवला ते कळतं. बटण मोबाईलवर दाबू नका, फ्रेम हलते. ब्लूटूथ रिमोट घ्या.

हे सगळं करूनही माझी फिल्म लुकलुकतच होती. तास गेला तेव्हा कळलं, मी पांढरा शर्ट घालून सेटजवळ पुढे-मागे करत होतो आणि त्याचा उजेड भिंतीवर पडत होता. मित्र म्हणाला, "भावा, पैलवानाला सोड, तू आधी कापडं बदल." काळा टी-शर्ट घालून बसा, आणि फोटो घेताना दर वेळी एकाच जागी राहा.