अनंतस्पर्शी की असंपाती?

प्रश्न: कपॅसिटर चार्ज होताना 'लिमिट १२ व्होल्टच्या जवळ जातं' असं सर म्हणाले. पुस्तकात १२ च्या रेषेला 'अनंतस्पर्शी' म्हटलंय. माझ्या मीटरवर मात्र ११.८८ लाच थांबतं. मग सीमा कुठली?

लिमिट कुठेही जात नाही हो! जवळ जातो तो व्होल्टेज, सीमा जागच्या जागी १२ वर बसलेली असते. हे 'लिमिट जवळ जातं' ऐकून ऐकून कान किटलेत. गावाची शीव कधी चालत येते का तुमच्याकडे?

आता 'अनंतस्पर्शी'. अनंताला जाऊन स्पर्श, म्हणजे जे घडत नाही तेच नावात घातलंय, आणि परिभाषा करणाऱ्यांचा मान राखूनही मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजीतल्या 'असिम्प्टोट'चा हा मराठी प्रतिशब्द, आणि त्याचा मूळ ग्रीक शब्द असिम्प्टोटॉस, ग्रीक गणिती अपोलोनियसने वापरलेला. अ म्हणजे नाही, सिम् म्हणजे एकत्र, प्टोटॉस म्हणजे पडलेला. हा शेवटचा तुकडा आणि आपला 'पत्' धातू सख्खे भाऊ, आणि वसंतसंपातातला 'पात' तोच, दोन वर्तुळं जिथे एकत्र येतात तो संपात. म्हणजे जे कधीच एकत्र येत नाही ते 'असंपाती', शब्द आपल्या घरातच पडलाय आणि आपण अनंताला स्पर्श करायला निघालो.

आणि इथे तो चपखल बसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणा, दोघांचा गुणाकार १० सेकंद. t सेकंदांनंतर कपॅसिटरवरचा व्होल्टेज v, त्याचं सूत्र:

v = 12(1 − e^(−t/10))

व्होल्टेज किती झाला ते सोडा, १२ ला किती कमी पडतोय ते बघा. सुरुवातीला १२ कमी, १० सेकंदांनी ४.४१, २० ला १.६२, ३० ला ०.६०, ५० ला ०.०८. दर १० सेकंदांनी उरलेल्याचा साधारण ३७ टक्के भाग उरतोच, शून्य कधी होत नाही, म्हणून संपात नाही. सीमा १२ म्हणजे एवढंच की तुम्ही कितीही बारीक फरक मागा, एका वेळेनंतर व्होल्टेज कायम त्याच्या आत राहतो. ०.०१ मागितलात तर साधारण ७१ सेकंदांनंतर.

हां, तुमचं ११.८८ राहिलंच. तो मीटरचा प्रताप. डिजिटल मीटर स्वतः बहुतेक वेळा १० मेगाओहमचा असतो, तो कपॅसिटरला लावून ठेवलात की थोडा करंट कायम त्यातून वाहतो आणि १०० किलोओहमवर ०.१२ व्होल्ट अडकून पडतात, म्हणजे मीटर लावल्यावर सीमाच ११.८८ झाली. रेझिस्टर १० किलोओहमचा लावून बघा, ११.९९ दिसेल. तरीही बरंच कमी दिसलं तर कपॅसिटर लीक होतोय, जुन्या इलेक्ट्रोलिटिकचं नेहमीचं दुखणं, १ मायक्रोअँपियर गळला तरी १०० किलोओहमवर ०.१ व्होल्ट गेला.