वडील गेले, आई दवाखान्यात आहे: रजा कोणती मागायची?

वडील वारले. तेराव्यापर्यंत 13 दिवस घरी होतो. कंपनीनं तीन दिवस सीएल धरली आणि दहा दिवसांचा पगार कापला. आई-वडील गेल्यावर रजा द्यावीच लागते ना? (फाउंड्री कामगार, कुपवाड एमआयडीसी)

दुर्दैवानं, नाही. दुखवट्यासाठी वेगळी पगारी रजा द्यायला खासगी कारखान्याला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. तरीही तुमचा पगार कापायला नको होता, कारण तुमची भरपगारी वार्षिक रजा शिल्लक होती.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून हिशेब असा निघतो. गेल्या वर्षी तुमचे 260 दिवस भरले. कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस, म्हणजे 13 दिवस रजा जमा झाली. त्यातली पाच तुम्ही गावच्या यात्रेला आणि लग्नाला घेतली, आठ उरली. आता ते 13 दिवस बघा. त्यात दोन साप्ताहिक सुट्ट्या आल्या आणि रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत मोजायची नसते. उरले 11 दिवस. तीन सीएल आणि आठ वार्षिक रजा मिळून ते पूर्ण भरतात. कंपनीनं रजेचं खातं न बघता थेट बिनपगारी लावली, शिवाय दोन सुट्ट्याही कापल्या.

जुन्या कारखाने अधिनियमात वर्षाला 240 दिवस भरल्यावर ही रजा मिळायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ती अट 180 दिवसांवर आली आहे, वीसला एक हे प्रमाण तेच आहे. तुम्ही दोन्हींत बसता.

व्यवस्थापक एक मुद्दा काढतील, त्याची तयारी ठेवा. जुन्या कायद्यात वार्षिक रजेचा अर्ज 15 दिवस आधी द्यायचा होता आणि त्यातून सूट होती ती फक्त कामगाराच्या स्वतःच्या आजारपणाला. मृत्यूचा उल्लेखच नव्हता. मला ही त्या कायद्यातली फार मोठी उणीव वाटते. म्हणून अर्ज भांडणाच्या सुरात लिहू नका. एवढंच लिहा: ‘वडिलांच्या निधनामुळे अमुक ते अमुक तारखेपर्यंत गैरहजर होतो. त्याच दिवशी सुपरवायझरना फोनवर कळवलं होतं. साप्ताहिक सुट्ट्या वगळून उरलेले दिवस माझ्या शिल्लक वार्षिक रजेतून वळते करावेत आणि कापलेला पगार पुढच्या पगारात द्यावा.’ सोबत मृत्यू दाखल्याची प्रत लावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक कंपन्या इथेच ऐकतात, कारण ही रजा एरवीही त्यांना द्यावीच लागणार असते.

आईला अर्धांगाचा झटका आला. मिरजेत ॲडमिट केलं, मी एकटाच मुलगा. 12 दिवस गेलो नाही, सुपरवायझरला फोन केला होता. परत गेलो तर गेटवर अडवलं आणि ‘तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असे गृहीत धरण्यात येते’ असं पत्र हातात दिलं. आता काय? (सीएनसी ऑपरेटर, मिरज)

त्या पत्रावर ‘मान्य’ म्हणून सही करू नका आणि फंडाचा किंवा हिशेबाचा कोणताही फॉर्म भरू नका. हिशेब घेतलात की नोकरी सोडली हे त्यांचं म्हणणं तुम्हीच खरं केल्यासारखं होतं.

बऱ्याच कंपन्यांच्या स्थायी आदेशांत असं कलम असतं की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार आला नाही, तर त्याचा नोकरीवरचा हक्क जातो. असल्याच कलमावरून डी. के. यादव यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 1993 साली न्यायालयानं स्पष्ट केलं की कलम असलं तरी कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. त्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आणि मधल्या काळातला निम्मा पगार देण्याचा आदेश झाला. पुढे 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे आधी सिद्ध व्हायला हवं. माणूस नाइलाजानं येऊ शकला नसेल, तर तिला तसं म्हणता येत नाही. परमार सरकारी कर्मचारी होते, पण हा युक्तिवाद तुमच्या चौकशीतही मांडता येतो.

आजच स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं कळवा: मी नोकरी सोडलेली नाही, अमुक तारखेला अमुक वाजता कामावर आलो होतो, गेटवर अडवण्यात आलं, मी कामावर यायला तयार आहे. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडा. फोन केल्याची नोंद मोबाइलमधून पुसली जाण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. दोन-चार दिवस शिफ्टच्या वेळेला गेटवर जा आणि घरी आल्यावर त्याच ईमेलवर ‘आजही आलो होतो’ असं लिहा. त्यावरही उत्तर आलं नाही, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तडजोडीसाठी अर्ज करा.

तुमची बाजू लंगडी आहे ती एकाच ठिकाणी. फोन तोंडी होता आणि किती दिवस लागतील हे तुम्ही सांगितलं नव्हतं. पुन्हा अशी वेळ आली तर ॲडमिट केल्याच दिवशी मेसेज टाका: कोण आजारी, कुठे, अंदाजे किती दिवस. मुदत वाढली तर ती संपायच्या आधी दुसरा मेसेज. या निकालांनी नोकरी वाचते, त्या 12 दिवसांचा पगार मात्र शिल्लक रजेतूनच निघेल.

ओळखीचे डॉक्टर माझ्याच नावानं आजारपणाचा दाखला द्यायला तयार आहेत. ईएसआयमधून पैसेही मिळतील. वडिलांच्या ऑपरेशनसाठी तेवढंच करू का? (कारखाना कामगार, इस्लामपूर)

करू नका. ईएसआयचा आजारपणाचा रोख लाभ विमाधारकाच्या स्वतःच्या आजाराला आहे. खोटा दावा हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि कंपनीकडे खोटा दाखला देणं गैरवर्तन ठरतं. आज ज्या कारणासाठी रजा नाकारणं कंपनीला अवघड जातं, त्याच कारणापायी उद्या तुम्हीच दोषी ठराल. त्यापेक्षा सर्जनकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या की ऑपरेशननंतर इतके दिवस रुग्णाजवळ नातेवाइकानं थांबणं गरजेचं आहे. वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं नाव कार्डावर असेल, तर उपचार ईएसआयमधून होऊ शकतात. तेवढं आधी विचारा.

साताऱ्यात गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, 30 जण आहोत. नियुक्तीपत्रात ‘आई-वडिलांच्या निधनाबद्दल तीन दिवस रजा’ आहे. माझी आई गेली तर एचआर म्हणतात, लग्नानंतर तुमचे आई-वडील म्हणजे सासू-सासरे. (अकाउंटंट, सातारा)

ताई, हे वाचून संताप आला. पत्रात ‘आई-वडील’ लिहिलंय, तर आई म्हणजे तुमची आई. लग्न झालं म्हणून अर्थ बदलत नाही. कायदा ही रजा देत नाही हे खरं, पण मालकानं लिहून दिली की तो करार होतो आणि सोयीनं त्यात शब्द घालता येत नाहीत. एचआरना ईमेलवर विचारा की ‘विवाहित मुलीचे आई-वडील वगळून’ असं पत्रात नेमकं कुठे आहे. उत्तर लेखी मागा.

तीन दिवसांनंतर लागलेले दिवस दुकाने व आस्थापना कायद्यातून घ्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते आणि वर्षाअखेर बुडते. 240 दिवस भरले असतील तर वीसला एक या प्रमाणात रजा वेगळी, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. म्हणून आधी नैमित्तिक संपवा, साठणारी राखून ठेवा. वडील एकटे पडलेत असं लिहिलंय तुम्ही. तिचा उपयोग पुढे त्यांच्यासाठी होईल.