एअर प्लांट: टोकं वाळतात, बुडखा कुजतो

प्रश्न: सोलापुरात एअर प्लांटची टोकं वाळत होती म्हणून रात्रभर पाण्यात ठेवलं, तर बुडखा काळा पडला. किती वेळ भिजवायचं?

उत्तर: सकाळी अर्धा तास पुरे, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, मात्र त्यानंतर चार तासांत झाड पूर्ण कोरडं झालं पाहिजे. टिलँडसिया, म्हणजेच एअर प्लांट, पानांवरच्या पांढुरक्या खवल्यांनी पाणी घेतं आणि रात्री श्वसनरंध्रं उघडतं. रात्री पानं ओली राहिली की त्याला हवा मिळत नाही, आणि पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी बुडखा कुजवतं. म्हणून बाहेर काढल्यावर उलटं धरून हलके झटके द्या, थेंब पडायचे थांबले की जाळीवर आडवं ठेवा. खिडकीजवळची सावली किंवा मंद पंखा चालेल, काचेचा बंद गोळा अजिबात नको. माझ्याकडची झाडं याच पद्धतीने एप्रिल-मेची कोरडी झळ सोसतात. बोअरचं जड पाणी टाळा, त्यातले क्षार खवल्यांवर बसतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदाच भिजवा. टिलँडसिया झेरोग्राफिका किंवा फुगीर बुडाची बल्बोसा असेल तर नुसती बुडवून काढा. तुमच्या झाडाचं मधलं पान हलक्या ओढीने सुटून हातात आलं, तर झाड वाचणार नाही.