साहेबांच्या भाषणाचा मसुदा वाचल्यावर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पहिल्यांदा मनात, आणि दुसऱ्यांदा घड्याळ लावून मोठ्याने. मोठ्याने वाचायला एकोणीस मिनिटं लागली. तुमच्या साहेबांना मंचावर मिळणार आहेत दहा, आणि त्यातली दोन लसींच्या खोक्यातलं तापमान नोंदवणारं तुमचं नवं यंत्र चालवून दाखवण्यात जातील. म्हणजे बोलायला आठच उरतात. सभागृहात माणूस मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द बोलतो. मध्ये थांबणं, पाणी पिणं, एखादं वाक्य पुन्हा म्हणणं हे सगळं धरलं, तर 850 शब्दांच्या वर जायचंच नाही. तुझा मसुदा 2,150 शब्दांचा आहे.

इथे पहिला मोह होतो तो प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं काढण्याचा. तसं करू नकोस. विशेषणं गाळून फार तर दोनशे शब्द वाचतील, भाषण मात्र तेच राहील, फक्त आखडलेलं. आधी हे भाषण कोणाबद्दल आहे ते बघ. पेन्सिल घे आणि प्रत्येक वाक्याच्या समासात एक अक्षर लिही. वाक्य कंपनीबद्दल असेल तर ‘आ’, म्हणजे आम्ही. समोर बसलेल्यांच्या कामाबद्दल असेल तर ‘तु’, म्हणजे तुम्ही. मी केलं तेव्हा पहिल्या दोन पानांवर एकही ‘तु’ आला नाही. तीन मित्र, भाड्याची खोली, पहिला गुंतवणूकदार, दोन पुरस्कार, नवी इमारत. यंत्र काय करतं ते नवव्या परिच्छेदात आलं, आणि ते कोणाच्या काय कामाचं, हे अकराव्यात.

आता समोर कोण बसणार आहे ते आठव. लसी आणि औषधांची शीतगृहं सांभाळणारी माणसं. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, हे त्यांना पाठ आहे. त्यांना ते समजावून सांगणारं वाक्य मसुद्यात आहे, तेही काढ. या लोकांची रोजची अडचण फार नेमकी असते. पहाटे गाडी येते, खोका समोर असतो, चालक सहीची वाट बघत उभा असतो. वाटेत थंडी तुटली होती का, की उलट माल गोठला होता? काही लसींना उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त इजा होते आणि ते बाटलीकडे बघून हमखास कळत नाही. तापमानाची नोंद जुन्या यंत्रात असते, पण ती संगणकाला जोडून वाचेपर्यंत सही झालेली असते. तुमचं यंत्र खोक्याच्या बाहेरच दिवा लावून सांगतं आणि गाडी वाटेत असतानाच फोनवर इशारा देतं. त्यांच्या दृष्टीने बातमी एवढीच आहे.

मसुद्याची सुरुवात अशी आहे: “सात वर्षांपूर्वी एका छोट्याशा खोलीत तीन मित्रांनी पाहिलेलं स्वप्न आज साकार होत आहे.” त्याऐवजी हे बोलून बघ: “पहाटे पाचला गाडी दारात येते. सही करायच्या आधी तुम्हाला एकच गोष्ट कळायला हवी असते: माल घ्यायचा, की परत पाठवायचा?” दुसऱ्या वाक्याला शीतगृहातल्या माणसाची मान आपोआप हलेल. पहिल्याला तो टाळ्या वाजवेल, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे असेल.

मग इतिहासाचं काय करायचं? इथे मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थापकांच्या भाषणातून मी त्यांचा सगळा भूतकाळ पुसून टाकला. भाषण सहा मिनिटांचं झालं, स्वच्छ झालं, आणि माहितीपत्रक वाचल्यासारखं ऐकू आलं. नंतर श्रोत्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येत राहिला: यांच्यावर विश्वास का ठेवायचा? त्याचं उत्तर मी कापलेल्या पानांत होतं.

म्हणून इतिहासाच्या प्रत्येक वाक्याला विचार, हे ऐकून समोरच्याची कोणती शंका मिटते? पुरस्कारांनी कोणतीही मिटत नाही. भाड्याच्या खोलीनेही नाही. पण सातव्या परिच्छेदात तू एक ओळ सहज टाकून दिली आहेस, की पहिल्या नमुन्याची बॅटरी शीतपेटीत चौथ्या दिवशीच बंद पडली. हे सोनं आहे. थंडीत बॅटरीची क्षमता घटते हे या लोकांनी भोगलेलं आहे, आणि ‘वाटेतच बंद पडलं तर?’ ही त्यांची पहिली शंका असणार. ती ओळ सुरुवातीच्या गोष्टीतून उचल आणि यंत्र दाखवून झाल्यावर लगेच ठेव: चौथ्या दिवशी बंद पडलं, मग काय बदललं, आणि आता चाचणीत किती दिवस टिकलं. आकडा चाचणीच्या नोंदवहीतलाच घे, साहेबांच्या आठवणीतला नको.

2007 च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला तेव्हा त्यानेही कंपनीचा इतिहास सांगितला होता. पण कसा, ते बघ. 1984 चा मॅकिंटॉश आणि 2001 चा आयपॉड, एवढे दोनच टप्पे, आणि दोन्ही वेळा या वस्तूने कंपनीबाहेरच्या जगात काय बदललं ते. इतिहास तिथे पुढच्या घोषणेची पायरी म्हणून आला आणि मिनिटभरात संपला.

कापताना एक गोष्ट मात्र वाढव. गाडी नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर असेल तर इशारा जात नाही, यंत्र नोंद साठवून ठेवतं आणि संपर्क आल्यावर पाठवतं. मसुद्यात हे कुठेच नाही. ते साहेबांनी आपणहून सांगायला हवं, कारण प्रश्नोत्तरांत ते कोणीतरी विचारणारच, आणि तेव्हा ते लपवल्यासारखं वाटेल.

आता साहेबांना हे सांगायचं कसं. ‘तुमची गोष्ट लांबली’ असं म्हणू नकोस, ती त्यांच्या आयुष्यातली सात वर्षं आहेत. सहकाऱ्यांच्या नावांचा परिच्छेद त्यांना फार जवळचा असणार. तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी बोलायला ठेवा असं सुचव, तिथे ती माणसं समोर असतील आणि नावं घाईत उरकावी लागणार नाहीत. बाकीसाठी वाद घालू नकोस. मालवाहतुकीतल्या किंवा गोदामातल्या एखाद्या माणसाला बोलाव, साहेबांना जुन्या मसुद्याची पहिली दोन मिनिटं वाचायला सांग आणि त्या माणसाला विचार, “हे यंत्र काय करतं?” मग नव्या मसुद्याची दोन मिनिटं, आणि पुन्हा तोच प्रश्न. दोन्ही उत्तरं साहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकू देत.

नवा मसुदा झाला की समासात पुन्हा ‘आ’ आणि ‘तु’ लिही. ‘आ’ दिसले तर घाबरू नकोस, फक्त प्रत्येक ‘आ’ एखाद्या ‘तु’च्या मागून आलेला असू दे. मग साहेबांच्याच आवाजात, उभं राहून म्हटलेलं ध्वनिमुद्रण मला पाठव. कागद नको. आठ मिनिटांच्या वर गेलं तर कोणत्या मिनिटाला माझं लक्ष सुटलं ते मी कळवते, आणि तिथे आपण दोघं बसून कापू.

तुझी,
जुनी सहकारी