महागाई दर एकच धरला की हिशोब कुठे चुकतो

प्रश्न : घरखर्च, औषधपाणी सगळ्याची सरासरी काढून एकच दर धरला तर काय बिघडलं? रिटायरमेंटला अजून २५ वर्षं आहेत.

दोन-चार वर्षांचा मामला असता तर काहीच बिघडलं नसतं, पण २५ वर्षांत चांगलंच बिघडतं. समजा आज महिन्याला घरखर्च ४० हजार आणि मेडिकल ५ हजार आहे. घरखर्चाला ६ टक्के आणि मेडिकलला १२ टक्के दर धरू, हे आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत, तुमचे वेगळे असतील. सूत्र सगळीकडे एकच, आजचा खर्च × (१ + दर)^वर्षं. ६ टक्क्यांनी २५ वर्षांत खर्च साधारण ४.२९ पट होतो, म्हणजे घरखर्च जातो १ लाख ७२ हजारांच्या आसपास. १२ टक्क्यांनी तो १७ पट होतो, म्हणजे ५ हजारांचे होतात ८५ हजार. एकूण २ लाख ५७ हजार.

आता तुमच्या पद्धतीने बघू. आजच्या खर्चाच्या प्रमाणात सरासरी काढली तर दर येतो ६.६७ टक्के, आणि त्याने ४५ हजारांचे होतात २ लाख २६ हजार. म्हणजे महिन्याला ३१ हजार कमी पडले! याचं कारण असं की जो खर्च जोरात वाढतो त्याचा वाटाही दरवर्षी वाढत जातो, आज मेडिकल एकूण खर्चाच्या ११ टक्के आहे ते तेव्हा ३३ टक्के झालेलं असेल, आणि तुमची सरासरी मात्र आजच्याच वाट्यावर अडकून बसलेली असते. म्हणून आधी प्रत्येक खर्च आपापल्या दराने पुढे न्यायचा आणि बेरीज सगळ्यात शेवटी करायची.

आणि हो, १२ च्या जागी १० टक्के धरले तर ८५ हजारांचे ५४ हजार होतात. त्यामुळे मेडिकलचं गणित दोन दर लावून दोनदा करा, एकाच आकड्यावर विसंबून राहू नका.

प्रश्न : मी तर आत्ता ठणठणीत आहे, मेडिकलचा खर्च जवळपास शून्य. मग आजचा खर्च म्हणून काय धरू?

स्वतःचा धरूच नका. रिटायरमेंटच्या वयाच्या माणसाला आज काय खर्च येतो तो धरा. हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम वयाप्रमाणेही वाढतो आणि महागाईनेही, तुमच्या आजच्या प्रीमियमला नुसता महागाई दर लावला तर वयाची वाढ हिशोबातून सुटते. तेवढ्याच कव्हरसाठी ६० किंवा ६५ वर्षांच्या माणसाला आज किती प्रीमियम पडतो ते बघा आणि तो आकडा पुढे न्या. मात्र वयामुळे होणारी वाढ अशी आधीच धरल्यावर तिच्यासाठी दर आणखी चढवू नका, नाहीतर एकच वाढ दोनदा मोजाल.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांनी कॉलेजला जाईल, ४ वर्षांचा कोर्स. आज एकूण १० लाख लागतात. याला शिक्षणाचा १० टक्के दर लावला की झालं ना?

नाही हो, त्या १० लाखांत फी किती आणि राहण्या-जेवणाचा खर्च किती ते आधी सुटं करा, कारण हॉस्टेलचं जेवण काही फीच्या वेगाने महागत नाही. समजा वर्षाला फी दीड लाख आणि राहणं-खाणं १ लाख. फीला १० टक्के, बाकीला ६ टक्के.

दुसरं म्हणजे चारही वर्षांचे पैसे एकदम भरायचे नाहीत, म्हणून पहिलं वर्ष १२ वर्षं पुढे न्यायचं, दुसरं १३, मग १४ आणि १५. असं केलं की चार वर्षांची फी होते साधारण २१.८ लाख आणि राहणं-खाणं ८.८ लाख, एकूण ३०.६ लाख. सगळ्याला १० टक्के लावले असते तर ३६.४ लाख आले असते आणि ६ टक्के लावले असते तर २२ लाख. चुकीचा दर किती महागात पडतो ते यावरून दिसतंच.

एक्सेलमध्ये पहिल्या वर्षाच्या फीसाठी हे लिहा:

```
=150000*(1+10%)^12
```

उत्तर ४,७०,७६४ च्या आसपास यायला हवं. ३,३०,००० आलं तर समजा की दराला वर्षांनी नुसतं गुणलंय, चक्रवाढ झालेलीच नाही.

प्रश्न : शाळेची फी ५ वर्षांत ६० हजारांवरून ९६ हजार झाली. म्हणजे ६० टक्के भागिले ५, दर १२ टक्के?

१२ नाही, ९.८६ टक्के. ९६ ला ६० ने भागा, १.६ आले, त्याचं पाचवं मूळ काढा आणि १ वजा करा:

```
=(96000/60000)^(1/5)-1
```

फक्त दोन्ही पावत्या एकाच इयत्तेच्या असू द्या. पाचवीची फी तेव्हाची आणि पाचवीचीच आजची. मुलगा तेव्हा पाचवीत होता आणि आता दहावीत असेल तर त्या वाढीत महागाई किती आणि वरच्या वर्गाची जास्त फी किती हे कळणारच नाही, आणि तोच फुगलेला दर तुम्ही पुढच्या १२ वर्षांना लावाल.